हातावर गोंदण्याआधी फोटोवर

कोपराखाली चार बोटं सोडून, हाताला आडवं 'विठ्ठल' गोंदवून घ्यायचंय. स्टुडिओत जाण्याआधी ते कसं दिसेल हे बघावं म्हणून हाताचा फोटो काढला आणि त्यावर अक्षरं ठेवली, तर ती काचेवर लिहिल्यासारखी दिसतात. हात मागे आणि नाव पुढे तरंगतंय असं वाटतं. याची कारणं दोन आहेत. हात गोल असतो, आणि शाई कातडीवर नसते, कातडीच्या आत असते.

आधी गोलाई बघू. त्या जागी हाताचा घेर 25 सेंटिमीटर असेल तर त्रिज्या साधारण 4 सेंटिमीटर येते. नाव 8 सेंटिमीटर रुंद आहे, म्हणजे मध्यापासून दोन्हीकडे चार-चार. मधला 'ठ्ठ' कॅमेऱ्यासमोर असल्यामुळे त्याच्या आसपासचा एक सेंटिमीटर जवळजवळ पूर्ण दिसतो. टोकाचा एक सेंटिमीटर मात्र वळून बाजूला गेल्यामुळे फोटोत जेमतेम 6-7 मिलिमीटरच भरतो. 8 सेंटिमीटरचं नाव फोटोत पावणेसात सेंटिमीटरच दिसायला हवं, आणि तेही 'वि' आणि 'ल' आक्रसून. सगळं नाव सारखंच बारीक केलं तर हे साधत नाही. फोटोशॉपमध्ये Warp घेऊन फक्त कडा आत ढकलाव्या लागतात. मोजमापासाठी फोटो काढतानाच हातावर दहा रुपयांचं नाणं ठेवावं. त्याचा व्यास 27 मिलिमीटर असतो.

देवनागरीची शिरोरेषा इथे फार कडक परीक्षा घेते. कॅमेरा हाताला बरोबर काटकोनात असेल तर ती सरळ दिसते. पण तो वीस अंशांनी कलला, की याच नावाची टोकं मध्यापेक्षा सुमारे सहा मिलिमीटर वर किंवा खाली जातात आणि रेघेची कमान होते. फोटोत मनगटाची घडी किंवा हातातलं कडं जसं वाकलेलं दिसतं, तशीच शिरोरेषा वाकवायची. ते वाकलेलं आणि रेघ सरळ, असं झालं की फसवेगिरी लगेच डोळ्यात येते. (सेल्फी कॅमेरा टाळलेला बरा. बऱ्याच फोनमध्ये डावा हात उजवा होऊन येतो.)

आता शाई. सुई शाईला कातडीच्या पृष्ठभागाखाली, एक ते दोन मिलिमीटर आत सोडते. जखम भरल्यावर आपण ती वरच्या, रंगद्रव्य असलेल्या थरातून बघतो. म्हणून अक्षरांच्या थराला Multiply लावतात. यात शाई आणि कातडी यांच्या रंगांचा गुणाकार होतो, त्यामुळे चित्रातलं पांढरं नाहीसं होतं आणि हाताच्या सावल्या अक्षरांतही उतरतात. पण शुद्ध काळा म्हणजे शून्य, आणि शून्याने गुणल्यावर खालचं काहीच उरत नाही. गव्हाळ कातडीचे लाल, हिरवा, निळा हे आकडे 190, 140, 110 असतील आणि शाई 40, 46, 54 अशी किंचित निळसर घेतली, तर उत्तर येतं 30, 25, 23. हा काळा तरी आहे, पण कातडीशी नातं सांगणारा. भरलेल्या टॅटूचा काळा निळसर-राखाडीच दिसतो, कारण वरचा थर निळा प्रकाश जास्त परतवतो.

याच गणितामुळे फिकट पिवळा रंग सावळ्या हातावर जवळजवळ दिसेनासा होतो. लोकांना वाटतं सॉफ्टवेअर बिघडलं. खरं तर ते इथे प्रामाणिक आहे, कातडीवरही साधारण तेच होतं.

Multiply फसतं ते चकाकीपाशी. तेलकट कातडीवरचा उजेड वरच्या पृष्ठभागावरून परततो, म्हणजे तो शाईच्याही वर असतो. गुणाकारात तो काळवंडतो. Blend If मधली खालच्या थराची पांढरी सरकपट्टी दुभंगून हळूहळू आत आणली, की चकाकी परत वर येते. त्यापेक्षा सोपं म्हणजे फोटोच खिडकीच्या मऊ उजेडात काढावा.

Displace नावाच्या सोयीची मात्र लोकांना भलतीच मोहिनी आहे. ती फोटोतला उजेड-अंधार वाचून अक्षरं सरकवते, खोली तिला कळत नाही. तीळ किंवा केस दिसला की तिथे अक्षर हलतं. मनगटाच्या घड्यांपुरती ती ठीक आहे, तीही नकाशा आधी धूसर करूनच वापरावी.

यानंतर चित्र थोडं मऊ करून बघावं. शाई वर्षानुवर्षं पसरते. 'ठ्ठ'च्या दोन गोलांतली पोकळी धूसर केल्यावर बुजत असेल, तर अक्षर मोठं करावं किंवा रेघ बारीक घ्यावी.

एक गोष्ट मात्र एका फोटोत मावत नाही. तळवा वर असताना हाताची दोन हाडं समांतर असतात, पालथा केला की एक दुसऱ्यावर चढतं आणि कातडीही पिळते. म्हणून हात सैल सोडून, तळवा वर आणि पालथा, असे दोन्ही फोटो घ्यावेत. दोन्हींत शिरोरेषा बरी दिसेल ती जागा निवडून कागदावर नाव छापून न्यावं. तिथे आर्टिस्ट स्टेन्सिल उमटवतो, तेव्हा उभं राहून आरशात बघायचं. पटलं नाही तर तो स्पिरिटने पुसून पुन्हा लावून देतो.