सभा पुढे ढकलल्याची सूचना

ठरलेली सभा सुरू होण्यापूर्वीच तिची तारीख बदलली, तर ती सभा ‘पुढे ढकलली’ असे म्हणतात. सुरू झालेली सभा मध्येच थांबवली, तर ती ‘तहकूब’ होते. पुढे ढकललेल्या सभेत एकही ठराव झालेला नसतो. म्हणून प्रलंबित कामांचे काय होणार, हे सूचनेतच सांगावे लागते.

एक उदाहरण पाहू. कावेरीच्या पाणीप्रश्नावरून 26 सप्टेंबर 2023 रोजी बंगळूर बंद पाळण्यात आला. त्याच दिवशी तेथील एका मराठी मंडळाच्या कार्यकारी समितीची सभा होती, अशी कल्पना करा. सचिवांची सूचना अशी असेल :

“दि. 26 सप्टेंबरची सभा बंगळूर बंदमुळे पुढे ढकलण्यात आली आहे. ती मंगळवार, दि. 3 ऑक्टोबर 2023 रोजी सायंकाळी 6 वाजता पूर्वीच्याच ठिकाणी होईल. विषयपत्रिका कायम राहील. दिवाळी कार्यक्रमाच्या सभागृहाची अनामत रक्कम 30 सप्टेंबरपर्यंत भरावयाची असल्याने ती अध्यक्षांच्या अधिकारात भरून सभेपुढे कार्योत्तर मंजुरीसाठी ठेवली जाईल. अन्य विषयांवर तोपर्यंत कार्यवाही होणार नाही.”

नवी तारीखही विचारपूर्वक निवडली आहे. 28 सप्टेंबरला अनंत चतुर्दशी, 29 ला कर्नाटक बंद आणि 2 ऑक्टोबरला गांधी जयंती होती. अनामतीचा उल्लेख राहिला असता, तर मुदत टळून सभागृह हातचे गेले असते. मात्र मंडळाच्या घटनेने अध्यक्षांना खर्चाचा अधिकार दिला असेल, तरच असे वाक्य लिहावे.