हाताने, पायाने की लांब?

२ जुलै २०१८, रशियातलं रोस्तोव. विश्वचषकाच्या बाद फेरीत बेल्जियम आणि जपान २-२ असे बरोबरीत होते आणि भरपाई वेळेचं चौथं मिनिट चालू होतं. जपानच्या होंडाने मारलेला कॉर्नर बेल्जियमचा गोलरक्षक कोर्तुआने वरच्या वर झेलला आणि लांब किक न मारता पुढे धावत जाऊन चेंडू हातानेच डी ब्रुइनाकडे सरपटत सोडला. डी ब्रुइना मैदानाच्या मधून सुसाट निघाला, चेंडू उजवीकडे म्यूनिएला मिळाला, त्याचा पास लुकाकूने मुद्दाम सोडून दिला आणि मागून आलेल्या शादलीने गोल केला. जपान स्पर्धेबाहेर गेला.

कोर्तुआने हात का निवडला? कॉर्नरसाठी जपानचे बरेच खेळाडू बेल्जियमच्या गोलसमोर जमले होते. उंच किक काही सेकंद हवेत राहते आणि तेवढ्यात ते मागे धावू शकले असते. शिवाय वरून पडणारा चेंडू आधी ताब्यात घ्यावा लागतो. हाताने सोडलेला चेंडू धावणाऱ्याच्या पावलात मिळतो, त्याला थांबावं लागत नाही.

पण सहकाऱ्याने मुद्दाम पायाने मागे दिलेला चेंडू गोलरक्षकाला हातात घेता येत नाही. १९९२ पासून तसा नियम आहे. मग उरतात आखूड पास आणि लांब किक. इथे तो माणसं मोजतो, तीही चेंडू पायाशी येण्याआधी. समजा त्याच्या पुढ्यात चार बचावपटू आहेत आणि अंगावर तिघेच धावून येताहेत. म्हणजे एक जण मोकळा आहे. त्याला आखूड पास द्यायचा. चौघांवर चौघे आले आणि पाचवा थेट गोलरक्षकावर झेपावला, तर जवळ कुणीच मोकळं नाही. पण प्रतिस्पर्ध्याचे एवढे खेळाडू पुढे आले, म्हणजे त्यांच्या मागे माणसं कमी उरली. अशा वेळी लांब किक मारणं म्हणजे घाबरून चेंडू फेकून देणं नव्हे, तोच बरोबर हिशेब असतो. किक शक्यतो कडेला मारायची. चेंडू गेलाच, तर गोलसमोरच्या मधल्या पट्ट्यात जायला नको.

हा हिशेब चुकला तर काय होतं, ते त्याच वर्षी २६ मे रोजी कीव्हमध्ये दिसलं. चॅम्पियन्स लीगच्या अंतिम सामन्यात ५१व्या मिनिटाला लिव्हरपूलच्या कारियसने चेंडू हातानेच सहकाऱ्याकडे सोडला. पण रेयाल माद्रिदचा बेन्झेमा अगदी जवळ उभा होता. त्याने नुसता पाय लांब केला आणि चेंडू गोलमध्ये गेला. त्याआधी रामोसचा धक्का लागून कारियसच्या डोक्याला इजा झाली होती, असं डॉक्टरांनी नंतर सांगितलं. लिव्हरपूल ३-१ असं हरलं.

दोन्ही गोलरक्षकांनी चेंडू हातानेच सोडला होता. फरक पडला तो वाटेत उभ्या असलेल्या माणसाने. म्हणून सहकारी कुठे मोकळा आहे हे पाहण्याआधी, जवळचा प्रतिस्पर्धी कुठे आहे हे गोलरक्षकाने पाहिलंच पाहिजे.