‘यू’ म्हणजे तू की तुम्ही?

एका इंग्रजी कथेत रस्त्यावरचा तरुण अनोळखी वृद्ध गृहस्थांना हाक मारतो, ‘हे, यू ड्रॉप्ड युअर वॉलेट!’ फ्रेंचमध्ये मी सरळ ‘त्यू’ लिहिलं. बोलणं मोकळंढाकळं, तेव्हा ‘तू’च हवं, असा माझा हिशेब. मसुदा वाचून फ्रेंच मैत्रीण म्हणाली, ‘हे दोघं ओळखीचे आहेत, की पोरगा उर्मट आहे?’ कथेतला पोरगा तर भला होता!

मी मोकळेपणा आणि सलगी यांत गल्लत केली होती. ‘अहो, पाकीट पडलं बघा तुमचं’ यात आदर आहे, पण औपचारिकपणा कुठं आहे? मग मी आदरार्थी ‘वू’ ठेवलं. पुढचं वाक्य होतं, ‘लक्षात नाही आलं?’ त्यात नकाराचा ‘न’ गाळून नुसतं ‘पा’ ठेवलं. बोलताना फ्रेंच माणसं हेच करतात. जर्मनमध्येही ‘झी’ कायम ठेवून ‘काहीतरी’साठी ‘एत्वास’ऐवजी बोलीतलं ‘वास’ घेता येतं.

स्पॅनिशचा मामला निराळा. स्पेनमध्ये तरुण अनोळखी माणसालाही ‘तू’ म्हणतात. (होय, उच्चार आपलाच!) त्याला हाक ‘ओये’, म्हणजे आपलं ‘अरे’. आमच्या वृद्धांना मात्र ‘ओइगा’, म्हणजे ‘अहो’, आणि ‘उस्तेद’. पण कोलंबियातल्या बोगोतात जिवलग मित्रही एकमेकांना ‘उस्तेद’ म्हणतात. म्हणून स्पॅनिश काम आलं, की मी आधी विचारते, वाचक कुठल्या देशातला?