बारशाचा एक श्लोक आणि त्याचा अर्थ

बारशात बाळाच्या कानात नाव सांगून आत्या ‘कुर्र’ करते. त्यानंतर घरातले वडीलधारे आशीर्वाद देतात. अनेक घरांत या वेळी ‘अंगादंगात्’ या शब्दाने सुरू होणारा श्लोक म्हटला जातो. चारच चरण, प्रत्येकी आठ अक्षरे, अनुष्टुभ छंद. गुरुजी तो झरझर म्हणून मोकळे होतात आणि घुगऱ्यांची वाट पाहणाऱ्या पाहुण्यांना त्यातले फारसे काही कळत नाही.

आश्वलायन गृह्यसूत्रात नाव ठेवण्याचे नियम आणि हा श्लोक एकाच खंडात येतात. मुलाच्या नावात अक्षरे सम असावीत आणि मुलीच्या नावात विषम, असा तिथला एक नियम आहे. श्लोकाचा प्रसंग मात्र वेगळाच सांगितला आहे. प्रवासाहून परतलेल्या बापाने मुलाचे डोके दोन्ही हातांत धरावे, श्लोक म्हणावा आणि तीनदा टाळू हुंगावी. म्हणजे मुळात हा भरल्या घरात सर्वांसमोर द्यायचा आशीर्वाद नव्हता, बाप आणि लेकरू यांच्यातलेच ते बोलणे होते.

अर्थ सांगताना म्हणूनच बोलणारा कोण हे आधी स्पष्ट करावे लागते. तू माझ्या अंगाअंगातून आलास, हे पहिल्या चरणात. माझ्या हृदयातून जन्मलास, हे दुसऱ्यात. तिसऱ्या चरणात बाप म्हणतो की ‘पुत्र’ हे नाव घेतलेला तू म्हणजे मीच आहेस. इथवर आशीर्वाद नाहीच, नुसती ओळख आहे. तो येतो फक्त शेवटच्या चरणात: असा तू शंभर शरद ऋतू जग. जुन्या वैदिक प्रार्थनांत आयुष्य असेच शरदांनी मोजलेले दिसते, मराठी माणूस ‘चार पावसाळे जास्त पाहिलेत’ म्हणतो तसे. ‘शतायुषी हो’ एवढाच अर्थ सांगितला तर आधीचे तीन चरण वाया जातात.

आजोबा श्लोक म्हणतात तेव्हा ‘माझ्या अंगातून’ हे शब्द शब्दशः बसत नाहीत. श्लोक बापाने म्हणावा आणि अर्थ आजोबांनी सांगावा, ही सोपी वाट आहे. अर्थ सांगायला दोन-तीन वाक्ये पुरतात: “बाळा, तुझे बाबा म्हणताहेत की तू त्यांच्या अंगाचा, त्यांच्या काळजाचा तुकडा आहेस. ते स्वतःलाच तुझ्यात पाहताहेत. शंभर शरद पाहा.” काळजाचा तुकडा म्हटले की मागच्या रांगेतल्या मावशीलाही अर्थ पोचतो.

मुलीच्या बारशात खरी अडचण येते. मुलीसाठी कृती तेवढी करावी, मंत्र म्हणू नये, असे तेच सूत्र सांगते. आता काही जण ‘पुत्र’च्या जागी ‘पुत्री’ आणि ‘स’च्या जागी ‘सा’ म्हणतात. अक्षरे आठच राहतात. तिसऱ्या चरणातले पाचवे अक्षर तेवढे लघूचे गुरू होते. काटेकोर अनुष्टुभात ते लघू हवे, पण कानाला हा फरक क्वचितच जाणवतो.

या बदलाला जुना आधार शोधायचा तर तो यास्कांच्या निरुक्तात सापडतो. मुलगा आणि मुलगी दोघेही सारखेच वारस, हे मत मांडताना तिथे हाच श्लोक पुराव्यादाखल दिला आहे. अंगाअंगातून येणे दोघांनाही लागू पडते, हा त्यामागचा तर्क. मुली वारस नाहीत असे काही जण मानतात, हेही यास्क लगेच नोंदवतात. म्हणजे वाद तेव्हाही होता. तरी श्लोक फक्त मुलग्यांचाच आहे असे ठासून सांगणाऱ्याला हे स्थळ दाखवण्यासारखे आहे.

महाभारतातली शकुंतलाही या श्लोकाची साक्ष काढते. दुष्यंत भर सभेत मुलाला नाकारतो, तेव्हा जातकर्मात म्हटले जाणारे हे मंत्र तुलाही ठाऊक आहेत, असे ती त्याला सुनावते. इथे श्लोकातली ओळखच महत्त्वाची ठरते. मुलगा म्हणजे तूच, मग नाकारतोस कोणाला, असा तिचा सवाल आहे.

म्हणताना चूक होते ती बहुधा घाईने. ‘अंगादंगात्’मधला शेवटचा त् गिळला जातो, ‘शरदः’चा विसर्ग सुटून ‘शरद’ किंवा ‘शरदं’ होते. बोटांवर अक्षरे मोजली की गळलेले अक्षर कळते, कारण चरणात सातच भरतात. त् किंवा विसर्ग गळल्याने मात्र अक्षरसंख्या बदलत नाही, त्यामुळे ती चूक कानानेच पकडावी लागते. आदल्या दिवशी बाळाच्या बापाकडून श्लोक सावकाश दोनदा म्हणवून घेतला की काम भागते.