सावल्या कुठे हरवतात?

रात्रीचा प्रसंग एडिटिंगच्या मॉनिटरवर स्पष्ट दिसतो, पण टीव्हीवर नायकाचा चेहरा अंधारात बुडतो. अनेकदा याचे कारण गॅमा असते. फाइलमधल्या आकड्याचे पडद्यावर किती उजेडात रूपांतर करायचे, हे गॅमा ठरवतो.

समजा, फाइलमध्ये एका सावलीची पातळी २० टक्के आहे. गॅमा २.२ असलेला मॉनिटर तिथे कमाल उजेडाच्या सुमारे २.९ टक्के उजेड देतो, तर २.४ असलेला फक्त २.१ टक्के. म्हणजे सावलीतला पाव भागाहून अधिक उजेड जातो. शुद्ध पांढऱ्यात मात्र काहीच फरक पडत नाही, म्हणून चूक आधी अंधाऱ्या दृश्यांतच उघडी पडते.

फोटोच्या कामात ही अडचण कमी येते. फोटोसोबत रंगाची प्रोफाइल असते आणि फोटो-एडिटिंगचे सॉफ्टवेअर ती वाचून, मॉनिटरच्या गॅमानुसार आकडे बदलून घेते. टीव्हीवरच्या नेहमीच्या व्हिडिओसाठी अशी तडजोड कोणी करत नाही. म्हणून मॉनिटरच मानकाप्रमाणे लावावा लागतो.

टीव्हीसाठी २०११ चे बीटी.१८८६ हे मानक आहे. काळा रंग खरोखर गडद दाखवणाऱ्या मॉनिटरवर ते २.४ च्या जवळ जाते. त्यासाठी खोली मंद प्रकाशाची आणि पांढऱ्याची पातळी सुमारे १०० निट्स ठेवतात. उजेडाच्या खोलीत, मोबाइल-संगणकावर पाहिल्या जाणाऱ्या व्हिडिओसाठी अनेक जण २.२ निवडतात. त्यामुळे प्रेक्षक कुठे पाहणार, हे ग्रेडिंगआधीच ठरवावे.