‘थोडक्यात हुकलं’चा सापळा

पगार जमा झाल्याचा मेसेज येतो आणि अंगठा आपोआप रमीच्या ॲपकडे वळतो. पत्ते अजून वाटलेही नसतात, तरी छाती धडधडते. हीच तलफ.

तिचं मूळ वोल्फ्राम शुल्ट्झ यांच्या माकडांवरच्या प्रयोगांत दिसतं. अचानक रसाचा थेंब मिळाला की डोपामिनच्या पेशी उसळत. दिव्यानंतर रस येतो हे कळल्यावर त्या दिवा लागताच उसळू लागल्या. दिवा लागूनही रस आला नाही, तर त्या मंदावत. म्हणजे मेंदू अपेक्षा आणि प्रत्यक्ष यांतला फरक मोजतो. जुगारात निकाल कधीच पक्का नसतो, म्हणून हा हिशेब मिटत नाही. एका पत्त्याने हुकलेला डाव ही हारच असते. खेळणाऱ्याला मात्र ती ‘जवळ आलो’ अशी वाटते आणि तो पुन्हा खेळतो.

पगाराचा मेसेज हा त्याचा दिवा. वर्तनोपचारात आधी असे दिवे वहीत टिपतात. मग वाट अडवतात: ॲप काढायचं, पगार काही महिने घरच्यांच्या हाती. तलफ लाटेसारखी चढते आणि न खेळताही ओसरते, हे अनुभवायला शिकवतात. ‘आता माझीच पाळी’ हा समज नाणं उडवून तपासतात: सलग पाच वेळा छाप पडला तरी सहाव्यांदा शक्यता निम्मीच. काही जुगारग्रस्तांना डॉक्टर नाल्ट्रेक्सोनही देतात.

पाय पुन्हा घसरू शकतो. तेव्हा हरलेले पैसे भरून काढायला बसू नका. टेली-मानसच्या १४४१६ वर फोन करा.