फ्लोराइड खरंच दुबळा आहे का?

रसायनशास्त्राच्या पदवीवर्गात एक यादी पाठ करावी लागते. धातूच्या अणूभोवती जे रेणू किंवा आयन येऊन बसतात, त्यांना लिगँड म्हणतात. कुठला लिगँड धातूच्या डी-ऑर्बिटल्सची ऊर्जा किती फाकवतो, या क्रमाने ही यादी लावलेली असते. रयुतारो त्सुचिदा या जपानी रसायनशास्त्रज्ञाने 1938 मध्ये ती मांडली. तीत अमोनिया वर आहे आणि फ्लोराइड बराच खाली. मुलं क्रम पाठ करतात, पण एक प्रश्न क्वचितच कोणी विचारतं. अमोनियावर विद्युतभार नाही, फ्लोराइडवर चक्क ऋणभार आहे. मग ऋणभार असलेला फ्लोराइड धातूच्या इलेक्ट्रॉनांना कमी का ढकलतो?

गोची अशी की यादीतला प्रत्येक आकडा मुळात दोन गोष्टींची वजाबाकी असतो. लिगँड धातूकडे तोंड करून, थेट रेषेत इलेक्ट्रॉनांची जोडी देतो तो सिग्मा बंध. रेषेच्या बाजूने, कडेकडेने जो संबंध येतो तो पाय बंध. सहा सारखे लिगँड अष्टफलकाच्या सहा टोकांवर बसले, की त्यांच्याकडे तोंड असलेली दोन ऑर्बिटल्स सिग्मामुळे वर जातात. त्यांच्या मधल्या मोकळ्या दिशांना असलेली तीन ऑर्बिटल्स पायमुळे वर जातात. या दोन गटांमधलं अंतर मोजलं तर मिळतं: Δ = 3σ − 4π. पगारातून कपात होऊन हातात पडणाऱ्या रकमेसारखंच हे. त्या एका आकड्यावरून मूळ पगार किती आणि कपात किती, ते कळत नाही. कितीही अचूक मोजा, एका समीकरणातून दोन अज्ञात सुटत नाहीत.

क्लाउस शेफर आणि ख्रिस्तियान क्लिक्सबुल यॉर्गेन्सेन या दोन डॅनिश रसायनशास्त्रज्ञांनी 1965 मध्ये ‘अँग्युलर ओव्हरलॅप मॉडेल’ मांडलं, त्यात यावर वाट होती. त्यांनी अख्ख्या संकुलाला एक आकडा न देता प्रत्येक लिगँडला त्याचे स्वतःचे दोन आकडे दिले, एक सिग्माचा आणि एक पायचा. कुठल्या ऑर्बिटलवर त्यातला किती हिस्सा पडेल, हे फक्त कोनावरून ठरतं. उभ्या अक्षावर बसलेला लिगँड z² या उभ्या ऑर्बिटलला आपला पूर्ण सिग्मा देतो. आडव्या पातळीत बसलेला त्याच ऑर्बिटलला पाव हिस्सा देतो आणि उरलेला पाऊण x²−y² ला. हे अपूर्णांक भूमितीतून येतात. ते जुळवून घेतलेले नसतात. प्रत्येक लिगँडचं देणं मांडायचं आणि बेरीज करायची, एवढंच काम.

मग दोन आकडे वेगळे करायला सममिती मोडावी लागते. सहा सारखे लिगँड असतील तर वर्णपटात पट्टे कमी दिसतात. दोन बदलले की एकेका पट्ट्याचे तुकडे पडतात आणि प्रत्येक तुकडा एक नवं समीकरण घेऊन येतो.

trans-[Cr(en)2F2]+ हे क्रोमियमचं संकुल घेऊ. यात क्रोमियमभोवती आडव्या पातळीत चार नायट्रोजन आहेत. ते en म्हणजे एथिलीनडायअमीनच्या दोन रेणूंचे, प्रत्येकाचे दोन. वर आणि खाली एकेक फ्लोराइड. या नायट्रोजनांची इलेक्ट्रॉनांची एकुलती जोडी सिग्मात खर्च होते, म्हणून त्यांचा पाय शून्य धरतात. या शून्यावर पुढचा सगळा हिशेब उभा आहे.

वर्णपटात चार पट्टे मिळतात. लांबी एक सेंटीमीटर धरली तर तिच्यात प्रकाशाच्या किती लाटा मावतात, या एककात ते सुमारे 18,500, 21,700, 25,300 आणि 29,300 वर आहेत. पहिले दोन एकाच मूळ पट्ट्याचे तुकडे, शेवटचे दोन दुसऱ्याचे.

21,700 चा पट्टा सोपा आहे. त्यात इलेक्ट्रॉन आडव्या पातळीतल्या एका ऑर्बिटलमधून त्याच पातळीतल्या दुसऱ्यात जातो आणि फ्लोराइडचा त्याच्याशी संबंधच येत नाही. म्हणून तो नायट्रोजनच्या सिग्माची तिप्पट, म्हणजे नायट्रोजनचा सिग्मा सुमारे 7,230. त्याचा जोडीदार 18,500 वर आहे. मॉडेलनुसार तो नायट्रोजनचा Δ आणि फ्लोराइडचा Δ यांच्या बरोबर मधोमध पडतो. त्यावरून फ्लोराइडचा Δ निघतो 15,300. सहाही लिगँड फ्लोराइड असलेल्या क्रोमियम संकुलात प्रत्यक्ष मोजलेला आकडा 15,000 च्या आसपास आहे, म्हणजे हिशेब रुळावर आहे. पण अजून आपल्या हातात वजाबाकीच आहे.

ती फोडतो दुसरा जोड. त्यातल्या एका पट्ट्यात इलेक्ट्रॉन xy सोडून z² मध्ये जातो. xy ला फ्लोराइडचा पाय वर उचलत नाही आणि z² ला त्याचा सिग्मा पुरता वर ढकलतो, म्हणून हा पट्टा 29,300 वर जातो. उरलेला 25,300 वर राहतो. पहिल्या जोडीतलं अंतर 3,200 आणि दुसरीतलं 4,000. मॉडेलमध्ये पहिलं अंतर म्हणजे फ्लोराइडच्या पायची दुप्पट, वजा सिग्मांच्या फरकाची दीडपट. दुसरं म्हणजे तेच, पण वजाच्या जागी अधिक. दोन्हींची बेरीज 7,200 म्हणजे चार पाय, म्हणून पाय 1,800. वजाबाकी 800 म्हणजे सिग्मांच्या फरकाची तिप्पट, म्हणून फरक सुमारे 270 आणि फ्लोराइडचा सिग्मा सुमारे 7,500.

म्हणजे थेट रेषेत फ्लोराइड नायट्रोजनपेक्षा कणभर जास्तच जोर लावतो. त्याला यादीत खाली ओढते ती 7,200 ची पायची कपात. पाठ केलेल्या यादीत याचा पत्ताही लागत नाही.

यात धोका आहे तो कुठला पट्टा कुठला हे ओळखण्याचा. वरच्या जोडीतले दोन पट्टे चुकून उलटे धरले तर फ्लोराइडचा सिग्मा 4,830 येतो आणि पाय उणे 200. उणे पाय म्हणजे लिगँड धातूकडून इलेक्ट्रॉन घेतो आहे, जे फ्लोराइडच्या बाबतीत अशक्यप्राय. पण गंमत अशी की Δ तेव्हाही 15,300 च येतो, त्यामुळे Δ तपासून चूक पकडता येत नाही. ती पकडायला एका स्फटिकातून ध्रुवित प्रकाश वेगवेगळ्या दिशांनी सोडून कुठला पट्टा कुठल्या दिशेला गडद होतो ते पाहावं लागतं.

हीच युक्ती क्लोराइडवर अडखळते. trans-[Cr(en)2Cl2]+ या हिरव्या संकुलात पट्टे दिसतात ते साधारण 17,300, 22,100 आणि 25,300 वर. चौथा दिसतच नाही. क्लोराइडचा सिग्मा नायट्रोजनपेक्षा बराच कमी आहे आणि दुसऱ्या जोडीत सिग्मातली ही तूट व क्लोराइडचा पाय एकमेकांना जवळजवळ खोडतात. त्यामुळे दोन पट्टे एकावर एक बसतात. अंतर शून्य धरून तोच हिशेब केला तर क्लोराइडचा सिग्मा सुमारे 5,800 आणि पाय 1,200 येतो. पण रुंद पट्ट्याखाली काही शे एककांचं अंतर सहज लपतं आणि तेवढ्याने पाय शंभरेक एककांनी सरकतो. शिवाय सारख्या जातीच्या दोन पातळ्या एकमेकींना दूर लोटतात. फ्लोराइडमध्ये दोन सिग्मा जवळपास सारखे असल्याने ते दुर्लक्षिता आलं, क्लोराइडमध्ये येत नाही. तिथे पूर्ण मॅट्रिक्स संगणकावर सोडवावं लागतं.

आणि तो शून्य? एथिलीनडायअमीनसाठी तो पटण्यासारखा आहे. आडव्या पातळीत पिरिडिन बसवलं तर नायट्रोजनच्या मागे सपाट वलय येतं. त्याचा पाय शून्य नसतो आणि वलयाच्या पातळीत वेगळा, तिच्या काटकोनात वेगळा असतो. मग अज्ञातं वाढतात, पट्टे मात्र तेवढेच राहतात, आणि वलय कुठल्या बाजूला वळलं आहे ते आधी क्ष-किरणांनी पाहून घ्यावं लागतं.